मानेचं पारायण

बंगळुरातल्या राजाजीनगरात आमच्या घराच्या मधल्या खोलीत, देवघराच्या उजव्या हाताला, एक तांबडं लोकरीचं आसन अंथरलेलं असायचं. त्या जागेवर मी अकरा महिने काढले. कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. दाराला कडी नव्हती, खिडकी उघडी असायची, खालच्या रस्त्यावरची भाजीवालीची कन्नड हाक स्पष्ट ऐकू यायची. तरीही मला तिथून उठता येत नव्हतं, आणि त्या अकरा महिन्यांत मला दुसरं काहीच नको होतं. फक्त उठायचं होतं.

राज्य सेवेच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी थोडक्या गुणांनी नापास झाले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत सदतीस वर्षं कारकून होते. साहेबांच्या केबिनबाहेर फायली घेऊन उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे आपली मुलगी केबिनच्या आत बसलेली त्यांना बघायची होती. निकाल लागल्यावर त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, देवापुढे पाणी सोडलं आणि म्हणाले, "आता तू अभ्यासाचं पारायण करायचं. आणि तू एकटी नाही हं. तू बसशील तितका वेळ मीही समोर पोथी घेऊन बसणार. दोघांनी मिळून करू."

आमच्या घरात पारायणाचे नियम कडक आहेत. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पूर्वेला तोंड. बैठक सुरू झाली की मध्येच आसन मोडायचं नाही. उठलं तर वाचलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. हे नियम पोथीसाठी होते, भारतीय राज्यघटनेसाठी नव्हते, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण पाणी सोडून आलेल्या माणसापुढे काय बोलणार? मी मुकाट्यानं मान डोलावली. ती माझी बहुधा शेवटची सरळ मान.

अभ्यास सगळा फोनवर होता. शिकवणीचं ॲप एकाच फोनवर उघडायचं. लॅपटॉपला जोडायला गेलं की नुसता काळा पडदा. टिपणंही त्याच ॲपच्या पोटात, छापून घ्यायची सोय नाही. मग तो वीतभर फोन ठेवायचा कुठे? अण्णांनी पोथी ठेवायचं लाकडी घडीचं व्यासपीठ काढलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्यापुढे मांडलं. ते जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पोथीची अक्षरं बोराएवढी असतात आणि ती वाचणारा मागेपुढे डोलत मोठ्यानं वाचतो, त्यामुळे त्याचं चालून जातं. माझ्या स्लाइडवरची अक्षरं मोहरीएवढी. मी मांडी घालून बसायची, फोन खाली, मान खाली. अक्षर दिसेना की हनुवटी पुढे काढायची. अर्ध्या तासात माझं नाक फोनच्या इतकं जवळ जायचं की अम्मा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून म्हणायची, "वास येतोय का गं घटनेला?"

सकाळी सहा ते नऊ, दहा ते एक, दुपारी तीन ते सहा. मोजून नऊ तास.

पहिले दोन महिने फक्त संध्याकाळी मान आखडायची. मग उजव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला एक जागा जळायला लागली. रुपयाएवढी जागा, पण तिच्यावर कुणीतरी निखारा ठेवून विसरून गेल्यासारखं वाटायचं. पुढे डोक्याची मागची बाजू दुखायला लागली. कवटी जिथे मानेला मिळते तिथून कळ निघायची आणि डोक्यावरून फिरून उजव्या डोळ्यामागे येऊन बसायची. आडवं पडलं की बरं वाटायचं. पण आडवं पडायच्या वेळा ठरलेल्या होत्या.

समोर अण्णा असायचे. हळू आवाजात वाचायचे, अध्याय संपला की जप करायचे. मी हललेच तर त्यांचे ओठ थांबायचे. रागवायचे नाहीत, फक्त थांबायचे. चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि मी पुन्हा मान खाली घातली की त्यांचे ओठ सुरू व्हायचे. एखाद्यानं आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. बासष्ट वर्षांचा माणूस आपल्यासाठी मांडी घालून बसलाय, त्याच्याशी कसं भांडायचं? मायेच्या बेडीला कुलूप नसतं, म्हणून किल्लीही नसते. मला राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची, आणि दोन्ही मानेत जाऊन बसायचं.

अम्मा खोबरेल तेल कोमट करून पाठ चोळून द्यायची. तिच्या अंगठ्याला खांद्यावर सुपारीएवढ्या गाठी लागायच्या. "दगड झालाय नुसता," म्हणायची. चोळल्यावर तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. मलमाचा, गरम पाण्याच्या पिशवीचा, उशी काढून झोपण्याचा, दोन उश्या घेऊन झोपण्याचा, सगळ्याचा प्रयोग झाला. आणि आता खरं सांगते, हळूहळू मला त्या दुखण्याची आशा वाटायला लागली. परीक्षा नको असं मी अण्णांना सांगू शकत नव्हते. पण डॉक्टर सांगू शकत होते. कागदावर सही-शिक्क्यासकट लिहून देऊ शकत होते की या मुलीच्या मानेला काहीतरी भयंकर झालंय, हिला अभ्यास बंद. अण्णा जन्मभर सही-शिक्क्यावर जगले होते, त्यांनी ते मानलं असतं. काय हवंय हे मला माहीत नव्हतं. हे नको, एवढंच माहीत होतं.

म्हणून एका सकाळी व्यासपीठावर कपाळ टेकून मी रडले. थोडं खरं, थोडं दाखवायला. अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा बैठक मोडली आणि मला डॉक्टरकडे नेलं.

हाडांचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी दुखणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाताला मुंग्या येतात? बोटं बधिर होतात? हातातून वस्तू निसटतात?"

पडत्या फळाची आज्ञा! मी म्हटलं, "हो, मुंग्या येतात."

"कुठल्या बोटांना?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "सगळ्या," मी म्हणाले. "दोन्ही हातांच्या."

"चालताना तोल जातो? ताप, वजन कमी होणं?"

इतकं खोटं बोलायचा धीर झाला नाही. त्यांनी माझ्या कोपरावर, मनगटावर लहान हातोडी मारून बघितली, बोटं ताणून जोर लावायला सांगितला, कापसानं आणि टाचणीनं दोन्ही हात तपासले, डोकं एका बाजूला कलवून हलकेच दाबलं. सगळं व्यवस्थित होतं. ते माझ्याकडे दोन क्षण बघत राहिले, पण अण्णांसमोर काही बोलले नाहीत. त्या सभ्यपणाबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

अण्णांच्या आग्रहावरून एक्स-रे काढला. अहवालात लिहिलं होतं की मानेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक कमी झालाय. माझ्या मनात लाडू फुटले. अण्णांचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "हे पुष्कळ लोकांच्या एक्स-रेत दिसतं. ज्यांचं काहीच दुखत नाही, त्यांच्याही. हाडं चांगली आहेत, नसा चांगल्या आहेत. स्नायू दमलेत. दिवसाला नऊ तास फोनवर मान वाकवून बसल्यावर दमणारच. फिजिओथेरपी करा, बरी होईल."

"म्हणजे अभ्यास करू शकते?" अण्णांनी विचारलं.

"खुशाल करू द्या."

रिक्षातून घरी येताना अण्णा देवाचे आभार मानत होते आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बरी होणार या बातमीनं एवढं दुःख झालेलं माणूस त्या दिवशी बंगळुरात मीच असेन.

फिजिओथेरपिस्ट एक चाळिशीच्या बाई होत्या. आमच्या घरापासून तीन चौक पलीकडे, औषधांच्या दुकानाच्या वर त्यांची दोन खोल्यांची जागा. कन्नडच बोलायच्या, भराभर, आणि मला पहिल्या दिवसापासून एकेरीत हाक मारायच्या. मी त्यांना अक्का म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूनं उभं करून माझ्याच फोनवर माझा फोटो काढला आणि पुढ्यात धरला.

"कान बघ कुठंय. आणि खांदा बघ."

कान खांद्याच्या वर असायला हवा. माझा कान खांदा सोडून चार बोटं पुढे निघून गेला होता. पाठीला वर पोक, हनुवटी पुढे, नजर जमिनीवर. चोवीस वर्षांची मी कुणाची तरी माफी मागत निघाल्यासारखी दिसत होते. मग भिंतीला पाठ लावून उभं केलं. पाठ टेकली, डोकं टेकेना. टेकवायला गेले की हनुवटी छताकडे जायची. हनुवटी सरळ ठेवली की डोकं आणि भिंत यांच्यामध्ये अक्काची तीन बोटं सहज मावायची.

"भरलेली कळशी कमरेवर घेतलीस तर चार घरं लांब नेशील," त्या म्हणाल्या. "तीच हात लांब करून पुढे धरलीस तर? डोकं तेवढंच जड, पण पुढे लटकवलंस की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ओरडणार नाहीत का ते?"

त्यांनी व्यायाम शिकवले. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, ड्रॉवर आत ढकलल्यासारखी. खाली नाही, वर नाही, मागे. गळ्याखाली दुसरी हनुवटी आली तरी हरकत नाही. पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची, दहा वेळा. खांद्याची पाती मागे आणि खाली ओढायची. टॉवेलची गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवून उताणं पडायचं. रबरी पट्टा दाराला अडकवून कोपरं मागे ओढायची. पाठ सरळ ठेवणारा पट्टा घेऊ का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बेडा, नको. पट्ट्याला काम दिलंस तर स्नायू काय करतील?"

आणि मग खरी गोष्ट. "फोन डोळ्यांच्या पातळीला आण. पाठ टेकायला खुर्ची घे. आणि दर अर्ध्या तासानं ऊठ. दोन मिनिटं चाल, हात वर कर, मग बस. हे सगळ्यात महत्त्वाचं. वाकलेली मान वाईट नसते गं, तीच मान तीन तास तशीच ठेवणं वाईट. कितीही छान बसलीस तरी तासन्‌तास तशीच राहिलीस तर दुखणारच."

"सरी, बरं," मी म्हटलं.

दर अर्ध्या तासानं ऊठ! हे मी घरी सांगितलंच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. व्यायाम मी न्हाणीघरात करायची, सकाळी आणि संध्याकाळी, आरशासमोर दुसरी हनुवटी काढून. बाकीचे नऊ तास तेच आसन, तेच व्यासपीठ, तीच मान. का नाही सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. अण्णांचं पारायण मोडेल ही भीती होतीच. पण दुसरंही होतं. दुखणं बरं झालं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?

तीन आठवडे झाले, काही फरक नाही. अक्कानं पुन्हा भिंतीपाशी उभं केलं. तीन बोटं होती तशीच. "दर अर्ध्या तासानं उठतेस?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी घेऊन ये."

अम्माला घेऊन जायचा माझा बेत होता. पण अण्णा ऐकतात होय! पांढरा शर्ट घालून, एक्स-रेचं पाकीट काखोटीला मारून ते आले. अक्कानं त्यांना खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "ही नऊ-नऊ तास न हलता बसते. हिला हलू नको असं कुणी सांगितलंय का?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांना काय बोलायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि ते मला बघवेना. सदतीस वर्षं दुसऱ्याच्या टेबलापुढे उभं राहून सफाई देत आलेला माणूस आता माझ्यापायी पुन्हा देणार होता.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मलाच सवय आहे तशी."

मला सोडवायला एक बाई तिथे बसली होती, दार उघडून विचारत होती, आणि मीच ते आतून लावून घेतलं.

पण अण्णा प्रामाणिक. ते अडखळत म्हणाले, "नाही. मी सांगितलं. आमच्यात पारायणाला बसलं की आसन मोडत नाहीत."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांना माझा तो बाजूनं काढलेला फोटो दाखवला, भिंतीपाशी मला उभी करून ती तीन बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर घातली आणि म्हणाल्या, "अण्णा, अध्याय संपल्यावर तरी थांबता ना? हिचा अध्याय अर्ध्या तासाचा करा."

घरी आल्यावर अण्णा कामाला लागले, आणि ते कामाला लागले की आमच्या घरात कुणाची धडगत नसते. मला वाटलं होतं, चला, जरा सैल पडेल. कसलं काय! आगीतून फुफाट्यात. जेवणाचं टेबल मधल्या खोलीत आलं. त्यावर चौरंग, चौरंगावर व्यासपीठ, व्यासपीठावर फोन, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. पाठीला टेकू असलेली खुर्ची आली. दर अर्ध्या तासानं अण्णा देवघरातली घंटा वाजवायचे आणि मी उठून गच्चीत तुळशीला प्रदक्षिणा घालायच्या. उठण्यावरसुद्धा आता त्यांचं लक्ष. पूर्वी हलले की ते थांबायचे, आता नाही हलले तर थांबायला लागले. ते स्वतः मात्र खाली आसनावरच होते. "तुला बाईंनी सूट दिलीय, मला कुठे दिलीय?" म्हणाले.

हनुवटीचा व्यायाम त्यांच्यासमोर करायचा, असा नवा नियम झाला. ते हातात माळ घेऊन मोजायचे. पहिल्या दिवशी दहा झाले तशी मी थांबले.

"हं, चालू दे," अण्णा म्हणाले.

"दहाच सांगितलेत."

"दहा म्हणजे अगदी कमीत कमी गं. एक माळ पूर्ण कर. चांगल्या गोष्टीत हात आखडता का?"

मी एकशे आठ वेळा हनुवटी मागे ओढली. संध्याकाळी पुन्हा एकशे आठ. माझ्याही मनात कुठेतरी होतंच की एवढं केलं तर सुटेन. आमच्या घरात कुठल्याही चांगल्या गोष्टीचा आकडा एकशे आठच असतो, औषध असो की आरती. दुसऱ्या दिवशी गळ्याचे पुढचे स्नायू असे धरले की मला उशीवरून डोकं उचलता येईना. दोन्ही हातांनी डोकं धरून मी उठून बसले. अम्मा कंबरेवर हात ठेवून दारात उभी होती. "बापलेक दोघंही शहाणे," ती म्हणाली. "आता कवटी सुटून हातात येऊ दे, मग थांबा."

अक्का भयंकर चिडल्या. "गेली कित्येक वर्षं जे स्नायू कधी कामाला लावले नाहीत, त्यांना एका दिवसात एवढं? हे औषध आहे, जप नाही!" दोन दिवस विश्रांती, शेक, मग पुन्हा आठपासून सुरुवात. अण्णांनी माळ देवघरात परत ठेवली आणि त्यानंतर ते बोटांवर मोजायला लागले.

आणि मग मी खरंच बरी व्हायला लागले. त्याला काही इलाज नव्हता. फोन समोर होता, अर्ध्या अर्ध्या तासानं उठत होते, आठाचे दहा झाले होते, रबरी पट्टा ओढत होते. पाचव्या आठवड्यात संध्याकाळचं डोकं दुखायचं थांबलं. पात्याजवळचा निखारा रोज न पेटता आठवड्यातून एकदोनदाच पेटायला लागला. मी पुन्हा पुन्हा चाचपून बघायची, आज तरी दुखतंय का? नाही दुखायचं. एक दिवस जाणूनबुजून फोन मांडीवर घेऊन तासभर वाकून बसले, दुखावं म्हणून. घंटा वाजली, अण्णा म्हणाले, "ऊठ," आणि मी उठले.

अम्माला सगळं कळत होतं. एकदा तेल लावताना ती म्हणाली, "गाठी विरघळल्यात. आता काय सांगणार आहेस?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

अकराव्या महिन्यात अक्कानं शेवटचं भिंतीपाशी उभं केलं. पाठ टेकली, हनुवटी सरळ ठेवून डोकं मागे नेलं, आणि भिंतीचा थंड चुना केसांतून डोक्याला लागला. अक्कानं बोट घालून बघितलं, जाईना. नवा फोटो जुन्याशेजारी ठेवला. कान खांद्यावर नव्हता अगदी, पण जवळपास परत आला होता. "आयतु, झालं," त्या म्हणाल्या. "आता यायची गरज नाही. व्यायाम सोडू नको, एका जागी चिकटून बसू नको. जा, परीक्षा दे, मोठी ऑफिसर हो."

मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले. आनंदानं नव्हे. मान दुखत होती तोवर मला वाटत होतं की तीच मला यातून सोडवेल. आता ते दुखणंही सोडून गेलं आणि मी होते तिथेच होते. अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर बाकावर बसलेल्या अण्णांना हाक मारली नाही. "तुझं जे काय आहे ना," त्या हळूच म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे व्यायाम नाही."

घरी जाताना अण्णा माझ्या पुढे चालत होते. पायऱ्या उतरताना कठडा धरून एकेक पाय खाली टेकत होते. ते असं कधीपासून उतरतात, मला आठवेना. अकरा महिने मान खाली घातलेल्या मला त्यांच्याकडे नीट बघताच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळं मांडलेलं होतं. टेबल, चौरंग, फोन. खाली अण्णांनी आसन झटकलं, भिंतीला हात टेकून हळूहळू खाली बसले, पोथी उघडली. मी खुर्चीजवळ उभी राहिले. बसले नाही. त्यांचे ओठ थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं.

"काय गं? दुखतंय का?"

हो म्हणायची किती सोपी वेळ होती ती.

"नाही," मी म्हणाले. "काही दुखत नाही. अण्णा, मला ही परीक्षा द्यायची नाही. पहिल्यापासून नव्हती द्यायची. मला तुम्हाला सांगता आलं नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. अण्णा पोथीकडे बघत राहिले, मग फोनकडे, मग माझ्याकडे. ते ओरडतील, रडतील, अन्नपाणी सोडतील, मी सगळ्याची तयारी केली होती. केबिनमध्ये बसलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत उठून गेली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग त्यांनी पोथी मिटली, कपाळाला लावली आणि अगदी लहान आवाजात विचारलं,

"मग मी उठू का?"

एकटक माझ्याकडे बघून ते वाट बघत होते, मी काय म्हणते त्याची.

"उठा, अण्णा," मी म्हटलं.

त्यांना उठता येईना. गुडघे धरले होते. मी खाली वाकून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले, अम्माही धावत आली, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना उभं केलं.